वार्षिक समारंभासाठी टीमच्या कामगिरीवर यमकबद्ध कविता: यादीपासून माईकपर्यंत

सॉफ्टवेअर कंपनीच्या वार्षिक समारंभात कविता फसते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. लिहिणारा आधी यमक शोधतो आणि मग त्यात कामगिरी कोंबतो. मग 'केली, झाली, घेतली, गेली' अशी क्रियापदांची माळ तयार होते. टीमने नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नाही, आणि समोर बसलेले घरचे लोक मोबाईल काढतात. क्रम उलटा हवा: आधी माहिती, मग साचा, मग ओळी आणि यमक त्या ओळींमधून.

इथे एकच साचा घेतला आहे, अष्टाक्षरी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. हौशी माणसाला हा पेलतो, ढोलकीवर केरव्याच्या आठ मात्रांत सहज बसतो आणि सोलापूरच्या सभागृहातही चालतो. इथे मराठीइतकेच तेलुगू आणि कन्नड घरांतले आईवडील समोर असतात. ओळ छोटी आणि ठेका स्पष्ट असला की एखादा शब्द निसटला तरी त्यांना कडवं कळतं.

उदाहरणासाठी एक टीम धरू. दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी, डेव्हलपमेंट, टेस्टिंग, सपोर्ट आणि ॲडमिन मिळून तीसेक माणसांची.

## १. तीन आठवडे आधी: माहितीचा कागद

प्रत्येक गटाच्या प्रमुखाला एक कोरा तक्ता द्या. रकाने चार: काय झालं, आकडा काय, कोणी केलं, आणि त्या दिवशी टेबलावर किंवा स्क्रीनवर काय दिसत होतं. पहिले तीन रकाने सगळे भरतात. चौथा कुणीच भरत नाही, आणि कविता त्याच रकान्यात असते. म्हणून तो समोर बसून, विचारून भरायचा.

'मायग्रेशन यशस्वी' एवढ्यावर कविता होत नाही. विचारत गेलं की कळतं: शनिवारी रात्री दहाला जुना डेटा नव्या सर्व्हरवर हलवायला घेतला, रविवारी पहाटे पाचला काम संपलं, सोमवारी सकाळी काउंटरवर पहिलं बिल वेळेत निघालं. मध्ये वीज गेली. ॲडमिनचे दोघे जनरेटरचं डिझेल आणायला धावले. या दोघांचं नाव कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

टेस्टिंगकडून असंच निघालं की एकूण रकमेत एका पैशाचा फरक पडत होता. प्रत्येक ओळीवरचा कर वेगळा पूर्णांकित होत होता आणि बेरीज वेगळी. पंधरावं बिल तपासताना ते सापडलं. सपोर्टचा आकडा: प्रलंबित तिकिटं ३४० वरून ३८ वर आली. शिवाय जूनमध्ये आठ नवी मुलं लागली. सुरुवातीला प्रत्येक गोष्ट विचारत होती, आता जुनीच माणसं त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारतात.

सावध: क्लायंटचं नाव कवितेत घ्यायचं असेल तर आधी मॅनेजरकडून लेखी होकार घ्या. करारात गोपनीयतेचं कलम असतं आणि समारंभाचा व्हिडिओ त्याच रात्री सगळीकडे फिरतो. चूक पकडली हे सांगताना ती कोणाची होती हेही कवितेत येऊ देऊ नका. तो माणूस तिसऱ्या रांगेत बायकोमुलांसोबत बसलेला असतो.

## २. पाचावर थांबा

पंधरा-वीस नोंदी जमतील. कवितेला पाच पुरतात. एका कामगिरीला एक कडवं. एका कडव्यात दोन कोंबल्या की दोन्ही पडतात.

निवडीचा निकष आकड्याचा मोठेपणा नाही. ज्या नोंदीचा चौथा रकाना भरलेला आहे ती घ्यायची. 'वार्षिक उत्पन्नात वाढ' या नोंदीला दिसणारं काहीच नाही, ती साहेबांच्या भाषणात जाऊ द्या. मात्र कुठला गट पूर्ण वगळला जात नाही ना ते बघा. टेस्टिंगचं कडवं नाही, हे टेस्टिंगवाल्यांच्या वर्षभर लक्षात राहतं.

व्यक्तींची नावं कवितेत नकोत. एक घेतलं की एकोणतीस राहतात. गटाचं नाव घ्या आणि कडवं संपल्यावर त्या गटाला उभं करा.

## ३. अक्षरं मोजायला शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नियम साधे आहेत. जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा या साच्यात हिशोब नाही. आणि शब्दाच्या शेवटचं अक्षर आपण बोलताना गिळलं तरी मोजायचं. 'रात' आपण एका झटक्यात म्हणतो, पण अक्षरं दोन.

गोंधळ इंग्रजीतून आलेल्या शब्दांचा. ते कसे ऐकू येतात यावर जाऊ नका, देवनागरीत लिहून मोजा. सर्व्हर: स, र्व्ह, र, म्हणजे तीन. क्लायंट तीन, सपोर्ट तीन, टेस्टिंग तीन, बग दोन, डेटा दोन, बॅकअप चार, सॉफ्टवेअर पाच. 'सॉफ्टवेअर' एकटाच अर्धी ओळ खाऊन वर एक अक्षर मागतो, म्हणून तो टाळलेलाच बरा.

आठ अक्षरं भरली म्हणजे काम झालं असंही नाही. ओळ चार-चार अशी दुभंगली पाहिजे, कारण म्हणणारा चौथ्या अक्षरावर किंचित थांबतो. 'साडेतीनशे तिकिटं' ही ओळ मोजली तर बरोबर आठ. पण चौथ्या अक्षरावर थांबलं की 'साडेतीन... शे तिकिटं' होतं आणि सभागृह हसतं, नको त्या जागी. शिवाय खरा आकडा ३४०, साडेतीनशे नव्हे. ज्यांनी ती तिकिटं मिटवली त्यांना तो पाठ असतो.

तपासणी: डाव्या हाताच्या चार बोटांवर अंगठा फिरवत ओळ म्हणा. दोन फेऱ्यांत ओळ संपली आणि पहिली फेरी एखाद्या शब्दाच्या शेवटी थांबली, तर ओळ पक्की. शब्द मध्ये तुटला तर बदला.

## ४. यमक: क्रियापदाकडे जाऊ नका

पहिला खर्डा साधारण असा येतो:

> आमच्या टीमने खूप मेहनत केली
> क्लायंटची मोठी ऑर्डर पूर्ण झाली
> सर्वांनी मिळून जबाबदारी घेतली
> म्हणून कंपनी पुढे गेली

अक्षरं मोजा: १४, १३, १४, १०. ठेका धरायला जागाच नाही. आणि यमक म्हणून जे वाटतं तो नुसता 'ली' प्रत्यय आहे. मराठीत भूतकाळाचं स्त्रीलिंगी एकवचनी क्रियापद बहुतेक वेळा 'ली'वरच संपतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काही सापडल्याचा आनंद मिळत नाही.

यमकासाठी शेवटचं अक्षर पूर्ण जुळलं पाहिजे आणि त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वरही. डेटा–फेटा जुळतं. वीट–नीट जुळतं. कोण–दोन जुळत नाही, कारण ण आणि न हे मराठी कानाला वेगळे लागतात. ल आणि ळ यांचंही तेच. पाटी–गाठी कागदावर जवळचं वाटतं, माईकवर उघडं पडतं.

चांगली जोडी अशी लागते की एक शब्द ऑफिसचा आणि दुसरा घरचा. डेटाला फेटा, बगला तगमग, तिकीटला नीट, बॅकअपला तप. पहिला शब्द ऐकून इंजिनिअर सावध होतो, दुसऱ्यावर त्याची आई हसते. लिहायला बसण्याआधी अशा दहा-बारा जोड्यांची यादी करून ठेवा. ज्या शब्दाला जोडीच नाही, जसा क्लायंट, तो ओळीच्या सुरुवातीला किंवा मध्ये ठेवा, शेवटी कधीच नाही.

सावध: 'कोड' हा शब्द मोहात पाडतो, कारण गोड, जोड, तोड सगळं जुळतं. पण समोरच्या आजी-आजोबांना कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. 'आमच्या हाती आला कोड' ही ओळ त्यांच्यापर्यंत भलतीच पोचते. वापरायचाच असेल तर शेजारी 'लिहिला' किंवा 'तपासला' असं क्रियापद हवं.

## ५. एक कडवं घडताना

माहितीच्या कागदातली पहिली नोंद घेऊ: शनिवारची रात्र, डेटा, सोमवारचं बिल. यमकाच्या यादीतून डेटा–फेटा उचलली. आता चौथी ओळ आधी लिहायची, कारण टाळी तिथे पडणार आहे. समारंभात सत्काराला फेटा बांधतातच, म्हणून 'बांधा त्यांना फेटा'. सहाच अक्षरं झाली, दोन कमी.

इथे बहुतेक जण 'हा', 'तो', 'अहो', 'पहा' असा भरणा करतात. भरणा ऐकताच ओळखू येतो. त्यापेक्षा ओळीला बोलीचा ठसा देणारं काही शोधा. सोलापुरात 'ये की', 'बस की' हे रोजचं बोलणं, म्हणून 'बांधा की हो त्यांना फेटा'. आठ झाली, आणि ओळ थेट इथल्या तोंडची झाली. ('बे' मात्र नको. मित्रांत गोड लागतो, मंचावरून साहेबांच्या दिशेने गेला की पंचाईत.)

दुसरी ओळ 'डेटा'वर संपायला हवी: 'हलवला सारा डेटा'. पहिली आणि तिसरी मोकळ्या आहेत, त्यांत वार आणि निकाल भरायचा.

> शनिवारी रात्रभर
> हलवला सारा डेटा
> सोमवारी बिलं नीट
> बांधा की हो त्यांना फेटा

टेस्टिंगच्या कडव्यात पंधरावं बिल हा आकडा नशिबाने साच्यात बसतो. 'पंधराव्या' चार अक्षरं, 'बिलापाशी' चार.

> एक पैसा कुठे गेला?
> टेस्टिंगला तगमग
> पंधराव्या बिलापाशी
> सापडला चोर बग

तेच नववं बिल असतं तर 'नवव्या त्या बिलापाशी' असा 'त्या' घालावा लागला असता. तेव्हाही आकडा बदलायचा नाही, ओळ दुसऱ्या बाजूने लिहायची.

सपोर्टचे ३४० आणि ३८ ओळीत बसत नाहीत. अशा वेळी आकडा निवेदकाकडे द्या. कडव्याआधी तो एवढंच म्हणेल: "जानेवारीत तिकिटं तीनशे चाळीस, डिसेंबरात अडतीस." मग कडव्याला आकड्याचं ओझं राहत नाही, चित्र रंगवायला जागा मिळते:

> तिकिटांची उभी भिंत
> रोज त्यात नवी वीट
> सपोर्टने एक एक
> उचलली हळू, नीट

नव्या मुलांचं:

> आठ नवे जूनमध्ये
> हाती होती कोरी पाटी
> आता त्यांच्या टेबलाशी
> जुन्यांचीच होते दाटी

आणि डिझेलवाल्या दोघांचं:

> वीज गेली मध्यरात्री
> डिझेलला ज्यांची धाव
> उभे राहा दोघे जण
> यादीमध्ये नाही नाव

तपासणी: प्रत्येक कडव्यातून गटाचं नाव झाकून दुसऱ्या कंपनीतल्या कुणालाही वाचायला द्या. 'हे आमच्याकडेही चालेल' असं तो म्हणाला तर कडवं पुन्हा लिहा.

## ६. क्रम आणि पालुपद

कडव्यांचा क्रम तारखेनुसार लावण्याची सवय असते. त्यापेक्षा ज्यावर सगळे लगेच हसतात ते पहिलं आणि ज्याची कुणाला कल्पना नाही ते शेवटचं. इथे फेटा पहिला, डिझेल शेवटचं. सपोर्टचं कडवं जरा संथ आहे, म्हणून ते मध्ये.

पालुपद एकाच ओळीचं ठेवा, प्रेक्षकांना दुसऱ्याच वेळी पाठ होईल असं: 'एक टाळी यांच्यासाठी'. हीही आठच अक्षरं, चार-चार. शेवटचं सोडून प्रत्येक कडव्यानंतर म्हणायची आणि त्या गटाकडे हात दाखवायचा.

सुरुवातीला सिद्धरामेश्वरांना वंदन करायचं असेल तर एक ओळ पुरे, तीही निवेदकाने म्हणावी. वंदन, स्वागत आणि साहेबांची स्तुती यांत तीन कडवी गेली की चौथ्यापर्यंत कान मिटलेले असतात. चादर, धागा, ताणाबाणा या उपमांचंही असंच. सोलापुरात जवळजवळ प्रत्येक भाषणात 'एकेक धाग्याने विणलेली टीम' येते. कवितेत ती न आणलेलीच चांगली. फारच वाटलं तर एकदा, तेही धोट्यासारख्या न घासलेल्या शब्दाने.

## ७. वेळ, कागद, तालीम

अष्टाक्षरीची ओळ सावकाश म्हटली तर दोन-तीन सेकंद लागतात. कडवं बारा सेकंद धरा, पालुपद आणि टाळीला आणखी दहा. पाच कडवी दोन मिनिटांच्या आत संपतात, निवेदकाची वाक्यं धरून तीन. याहून लांबवू नका. जेवणाची वेळ झालेली असते.

छापताना एका कागदावर एकच कडवं, अक्षर मोठं, चौथ्या अक्षरानंतर पेन्सिलीने बारीक रेघ. कविता पडद्यावर दाखवायची असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ करून न्या. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल सभागृहाच्या लॅपटॉपवर उघडली की मराठीऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. कळतं तेव्हा पडदा वर गेलेला असतो. आणि ओळ पडद्यावर म्हणण्याआधी येऊ देऊ नका. 'फेटा' लोकांनी आधीच वाचला तर तोंडून ऐकताना टाळी पडत नाही.

तालीम दोनदा. पहिली बंद खोलीत, ठेक्यासाठी. दुसरी प्रत्यक्ष जागेवर माईकसह. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद नाट्यगृहात एका आवाजाला चालतं. उघड्या लॉनवर आवाज विरतो, तिथे ओळी अजून सावकाश म्हणा आणि दोघांत वाटून घ्या: पहिल्या दोन ओळी एकाच्या, पुढच्या दोन दुसऱ्याच्या. ढोलकी घेणार असाल तर ती कडवं चालू असताना हळू आणि पालुपदाला मोठी. उलट झालं तर शब्द ढोलकीखाली जातात.

दुसऱ्या तालमीला कंपनीबाहेरचं एक माणूस शेवटच्या रांगेत बसवा. कविता संपल्यावर त्याला एवढंच विचारा, पैसा कुठे सापडला आणि डिझेल कोणी आणलं. उत्तर देता आलं नाही तर ते कडवं अजून सावकाश म्हणा. तरीही नाही आलं तर दोष ओळीत आहे.

शेवटच्या कडव्यानंतर आभार, घोषणा, 'अशीच प्रगती होवो' यातलं काही नको. 'यादीमध्ये नाही नाव' म्हणून थांबायचं आणि त्या दोघांवर लाइट जाऊ द्यायचा. लाइटवाल्याला ते कुठल्या खुर्च्यांवर बसले आहेत हे आधी दाखवून ठेवा, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर ते चहाच्या व्यवस्थेला उठून गेले नाहीत ना तेही बघा. ॲडमिनची माणसं नेमकी तेव्हा जागेवर नसतात.